एकेक मिळवत दहा कोटींपर्यंत

संगणकशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पेपरात एक प्रश्न हमखास दिसतो. फिबोनाची श्रेणीतली n वी संख्या काढणारे फंक्शन रिकर्जन वापरून लिहा. उत्तराला चार ओळी पुरतात, त्या बहुतेकांच्या पाठ असतात, आणि त्या अचूकही असतात:

```python
def fib(n):
    if n < 2:
        return n
    return fib(n - 1) + fib(n - 2)
```

श्रेणी साधी आहे. ०, १, १, २, ३, ५, ८, १३, २१ अशी ती पुढे जाते आणि प्रत्येक संख्या तिच्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. फंक्शनही तेवढेच सांगते. n शून्य किंवा एक असेल तर n हेच उत्तर. नाहीतर आधीच्या दोन संख्या काढायला स्वतःलाच पुन्हा बोलावायचे आणि आलेल्या उत्तरांची बेरीज करायची. स्वतःला बोलावण्याच्या या पद्धतीला रिकर्जन म्हणतात. जिथे बोलावणे थांबते, ती `n < 2` ची अट म्हणजे बेस केस.

लॅबमध्ये विद्यार्थी fib(10) चालवून पाहतात. ५५ हे उत्तर लगेच येते. fib(20) ला ६७६५ येते, तेही बटण दाबताक्षणी. मग कोणीतरी fib(50) देतो आणि पडदा गप्प होतो. चूक दाखवणारा संदेश येत नाही, प्रोग्रॅम बंदही पडत नाही. दहा मिनिटे गेली तरी कर्सर तिथेच लुकलुकत असतो. प्रश्नपत्रिकेतला पुढचा उपप्रश्न याच ठिकाणी बोट ठेवतो: हे फंक्शन मोठ्या n साठी इतके हळू का चालते, कारणासह सांगा.

बरेच विद्यार्थी ‘रिकर्जन हळूच असते’ असे लिहून मोकळे होतात. हे उत्तर चूक आहे. n चा गुणाकार काढणारे फॅक्टोरियलचे फंक्शनही रिकर्जनच वापरते, पण fact(50) साठी ते फक्त पन्नास-एक्कावन्न वेळा चालते आणि उत्तर क्षणात देते. फिबोनाचीच्या चार ओळींत वेगळे काय घडते हे कळायला एक लहान उदाहरण कागदावर शेवटपर्यंत सोडवावे लागते. त्यासाठी fib(5) योग्य आहे. ते कागदावर मावते आणि दुखणे दिसण्याइतके मोठेही आहे.

fib(5) ला उत्तर देण्यासाठी fib(4) आणि fib(3) हवे. संगणक दोन्हीकडे एकदम जात नाही. तो आधी डावीकडचे काम हातात घेतो. fib(4) साठी fib(3), त्यासाठी fib(2), त्यासाठी fib(1). इथे बेस केस लागते आणि १ मिळतो. एक पायरी वर येऊन fib(2) आपला दुसरा अर्धा भाग, म्हणजे fib(0), विचारते. त्याचे ० येते. fib(2) चे उत्तर १ ठरते. आणखी एक पायरी वर fib(3) थांबलेले असते. ते fib(1) विचारते, १ मिळतो, आणि fib(3) चे उत्तर २ होते. आता fib(4) चा उजवा भाग, म्हणजे fib(2). हे उत्तर थोड्या वेळापूर्वीच काढलेले आहे, पण फंक्शनकडे ते कुठेही लिहून ठेवलेले नाही. म्हणून पुन्हा fib(1), पुन्हा fib(0), पुन्हा बेरीज. fib(4) चे ३ झाले. शेवटी fib(5) चा उजवा भाग, fib(3). तोही पहिल्या अक्षरापासून पुन्हा: fib(2), fib(1), fib(0), fib(1). अशा रीतीने ५ हे उत्तर हाती येते.

आता मोजदाद करू. fib(5) एकदा, fib(4) एकदा, fib(3) दोनदा, fib(2) तीनदा, fib(1) पाच वेळा आणि fib(0) तीन वेळा. एकूण १५ कॉल. परीक्षेत ‘fib(5) साठी फंक्शन किती वेळा कॉल होईल’ असा प्रश्न आला की उत्तर १५ आहे. १४ लिहिणारे मुख्य प्रोग्रॅमने केलेला पहिला कॉल मोजायला विसरलेले असतात. ३१ लिहिणाऱ्यांनी प्रत्येक कॉलमधून दोन फांद्या फुटतात एवढेच पाहिलेले असते आणि पाच थरांचे भरगच्च झाड गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात डावीकडची फांदी एकेक उतरते, तर उजवीकडची दोन-दोन. त्यामुळे झाड डावीकडे पाच थर खोल जाते आणि उजवीकडे तिसऱ्याच थरावर संपते. ही लंगडी बाजू पुढे कामाला येणार आहे.

या मोजदादीत एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरत नाही. वरून खाली येताना आकडे १, १, २, ३, ५ असे आहेत. म्हणजे कोणते उत्तर किती वेळा काढले गेले याची यादी हीच खुद्द फिबोनाची श्रेणी आहे. हा योगायोग नाही. fib(3) ला बोलावणारे दोघेच असू शकतात, fib(4) आणि fib(5). ते दोघे जितक्या वेळा चालतात त्यांची बेरीज म्हणजे fib(3) च्या कॉलची संख्या. मोजणीचा नियम आणि श्रेणीचा नियम एकच असल्यामुळे आकडेही तेच येतात.

सर्वांत महत्त्वाची नोंद fib(1) ची आहे. fib(5) काढताना fib(1) पाच वेळा चालते, आणि fib(5) चे उत्तरही ५ आहे. तसे ते असणारच. या फंक्शनला बाहेरून माहीत असलेल्या संख्या दोनच, ० आणि १. बाकी सगळे बेरजेने उभे राहते. ५ हे उत्तर यायचे तर पाच वेळा १ मिळवण्यावाचून त्याच्याकडे मार्गच नाही. fib(40) चे उत्तर १०,२३,३४,१५५ आहे. ते काढताना हे फंक्शन बेस केसपर्यंत १०,२३,३४,१५५ वेळा उतरते आणि प्रत्येक वेळी एकच १ घेऊन वर येते. दहा कोटींचा आकडा ते एकेक मिळवत गाठते. त्यात fib(0) चे निष्फळ कॉल आणि मधले सगळे कॉल धरले की एकूण ३३,११,६०,२८१ कॉल होतात. गती का मंदावते याचे नेमके कारण हे आहे: उत्तर जेवढे मोठे, निदान तेवढे काम ठरलेलेच, आणि फिबोनाची संख्या फार वेगाने मोठ्या होतात.

किती वेगाने? श्रेणीतली प्रत्येक पुढची संख्या आधीच्या संख्येच्या साधारण १.६१८ पट असते. हे तेच गुणोत्तर, ज्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात. n एकने वाढला की काम दीडपटीहून थोडे जास्त होते, जे ऐकायला किरकोळ वाटते. पण n दहाने वाढला की तीच वाढ दहा वेळा गुणली जाते आणि काम सुमारे १२३ पट होते.

हिशेबासाठी धरू की संगणक सेकंदाला एक कोटी कॉल उरकतो. fib(20) ला २१,८९१ कॉल लागतात, ते डोळ्याला जाणवतही नाहीत. fib(30) ला २६,९२,५३७ कॉल, म्हणजे पाव सेकंदाहून किंचित जास्त. fib(40) ला ३३ सेकंद. fib(50) ला कॉलची संख्या चार हजार कोटींच्या पुढे जाते आणि वेळ लागतो सुमारे एक तास आठ मिनिटे. fib(60) ला जवळजवळ सहा दिवस, fib(70) ला दोन वर्षांच्या आसपास, fib(80) ला २४० वर्षे. fib(100) ला ३६ लाख वर्षांहून अधिक. पेन घेऊन बसलेला शाळकरी मुलगा मात्र श्रेणी लिहीत लिहीत शंभराव्या संख्येपर्यंत एका दुपारी पोहोचतो, कारण त्याला फक्त ९९ बेरजा करायच्या असतात.

इथे ‘जास्त वेगवान संगणक घेतला तर?’ हा प्रश्न साहजिक आहे. समजा, शंभर पट वेगाचे यंत्र मिळाले. जो तास आणि आठ मिनिटे जुन्या यंत्राने fib(50) वर घालवली, तेवढ्याच वेळात नवे यंत्र fib(59) पर्यंत जाईल. शंभर पट वेगाच्या बदल्यात पुढच्या नऊच संख्या पदरात पडतात. पायथॉन सोडून सी भाषेत तेच फंक्शन लिहिले तरी अनुभव असाच येतो. सुरुवातीला प्रोग्रॅम झपाट्याने चालतो आणि तोच अडथळा थोडा पुढे सरकून पुन्हा उभा राहतो.

पाठ्यपुस्तकांत आणि गाइडांत या फंक्शनची गती बहुधा `O(2^n)` अशी दिलेली असते. ती चुकीची म्हणता येत नाही, कारण ती ‘याहून जास्त काम होणार नाही’ एवढेच सांगते. पण ती फार सैल आहे. n पन्नास असताना `2^n` ची किंमत खऱ्या कॉलसंख्येच्या सुमारे २७ हजार पट होते. झाडाची उजवी बाजू दोन-दोन पायऱ्यांनी लवकर संपते, त्याचा हा परिणाम. ज्या परीक्षकाला नेमकेपणा हवा असतो तो २ च्या जागी १.६१८ अपेक्षित करतो. कॉलची अचूक संख्या हवी असेल तर सूत्र सुटसुटीत आहे: पुढची फिबोनाची संख्या दुप्पट करायची आणि त्यातून एक वजा करायचा. fib(5) साठी पुढची संख्या ८. दुप्पट १६, उणे एक १५.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यात या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. पीसाचा लिओनार्दो, ज्याला पुढे फिबोनाची म्हणू लागले, त्याने १२०२ साली ‘लिबर अबाची’ या ग्रंथात सशांच्या जोड्यांचे कोडे घातले आणि ही श्रेणी युरोपात पोहोचली. भारतात ती त्याआधीच छंदशास्त्रात आलेली होती. विरहांक या प्राकृत छंदशास्त्रज्ञाने ती सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान मांडली. ११५० च्या सुमारास गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी ‘छंदोनुशासन’ या ग्रंथात तिचा नियम स्पष्ट शब्दांत दिला. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे ह. दा. वेलणकर यांनी विरहांक आणि हेमचंद्र या दोघांचेही छंदोग्रंथ संपादित केले. आज अभ्यासक या मजकुराकडे वळतात ते बव्हंशी त्यांच्या आवृत्त्यांमधून.

छंदशास्त्रज्ञांचा प्रश्न शाळेत मराठी व्याकरण शिकलेल्या कोणालाही कळेल असा आहे. लघु अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन. चार मात्रांची जागा लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? लघुला ल आणि गुरूला ग म्हटले तर लललल, गलल, लगल, ललग आणि गग असे पाच प्रकार होतात. आता शेवटच्या अक्षराकडे पाहावे. ते लघु असेल तर त्याआधी तीन मात्रा उरतात, गुरू असेल तर दोन. म्हणून चार मात्रांचे प्रकार म्हणजे तीन मात्रांचे प्रकार अधिक दोन मात्रांचे प्रकार. हेमचंद्रांचा नियम हाच आहे: शेवटचा आणि त्याच्या आधीचा आकडा मिळवा, पुढच्या मात्रासंख्येचे प्रकार मिळतील.

छंदशास्त्रात यासाठी दोन वेगळी कामे होती आणि त्यांना वेगळी नावेही होती. सगळे प्रकार एकाखाली एक लिहून काढणे म्हणजे प्रस्तार. प्रकार न लिहिता ते किती आहेत एवढेच काढणे म्हणजे संख्या. पादाकुलक जातीच्या ओळीत सोळा मात्रा असतात. गणांची बंधने बाजूला ठेवली तर सोळा मात्रा लघु-गुरूंनी १५९७ प्रकारे भरता येतात. त्या सगळ्यांचा प्रस्तार मांडायचा तर वहीची पाने भरतील. संख्या मात्र १, २, ३, ५, ८ असे लिहीत गेले की पंधरा-सोळा आकड्यांत सापडते.

आता fib(5) च्या झाडाकडे परत जाऊ. वरून खाली उतरताना एक पायरी उतरली की ल लिहायचा, दोन उतरल्या की ग. fib(5) पासून fib(1) पर्यंत जाण्याच्या वाटा पाचच आहेत. ५, ४, ३, २, १ ही वाट लललल लिहिते. ५, ४, ३, १ ही ललग. ५, ४, २, १ ही लगल. ५, ३, २, १ ही गलल. आणि ५, ३, १ ही गग. चार मात्रांचे पाचही प्रकार, एकही न गळता आणि एकही दोनदा न येता. परीक्षेतल्या त्या चार ओळी संख्या विचारल्यावर गुपचूप संपूर्ण प्रस्तार मांडतात. प्रत्येक प्रकारासाठी एक वाट चालतात, वाटेच्या शेवटी १ उचलतात, आणि वर येता येता सगळे एक मिळवतात. हेमचंद्रांनी जो प्रस्तार टाळण्याचा नियम दिला, तोच नियम प्रोग्रॅममध्ये शब्दशः उतरवला की प्रस्तार परत येतो. नियम बरोबर असूनही असे घडते, कारण हेमचंद्रांच्या पद्धतीत आधीचे दोन आकडे समोर लिहिलेले असतात आणि या फंक्शनला ते दर वेळी नव्याने काढावे लागतात.

एकदा हे दिसले की उपाय सुचवावा लागत नाही. काढलेले उत्तर लिहून ठेवायचे. एडिंबराचे संशोधक डोनाल्ड मिची यांनी १९६८ साली ‘नेचर’मध्ये ही युक्ती ‘मेमो फंक्शन’ या नावाने मांडली. आज ती मेमोआयझेशन म्हणून अभ्यासक्रमात असते:

```python
memo = {}

def fib(n):
    if n < 2:
        return n
    if n not in memo:
        memo[n] = fib(n - 1) + fib(n - 2)
    return memo[n]
```

रिकर्जन जसेच्या तसे आहे, फक्त प्रत्येक उत्तर एकदाच काढले जाते. fib(40) साठी तेहतीस कोटींच्या जागी ७९ कॉल होतात. दोन ते चाळीस यांतली प्रत्येक संख्या एकदाच मोजली जाते आणि मोजताना दोन कॉल करते. ते ७८, आणि सुरुवातीचा एक. fib(100) ला १९९ कॉल पुरतात.

या सात ओळींत विद्यार्थी नेमके कुठे घसरतात हे पेपर तपासणाऱ्यांना पाठ असते. एक चूक म्हणजे `memo = {}` ही ओळ फंक्शनच्या आत लिहिणे. मग प्रत्येक कॉलला नवी कोरी वही मिळते, त्यात आधीचे काहीच नसते, आणि वेग होता तेवढाच राहतो. दुसरी चूक म्हणजे उत्तर वहीत लिहायचे पण मोजण्याआधी वही पाहायचीच नाही. दोन्ही चुकांमध्ये उत्तर बरोबर येते. म्हणून लहान n देऊन केलेल्या तपासणीत त्या सापडत नाहीत. शंका असेल तर फंक्शनच्या सुरुवातीला कॉल मोजणारा एक काउंटर ठेवावा आणि fib(20) चालवावे. काउंटर ३९ दाखवत असेल तर वही वापरली जाते आहे. २१,८९१ दाखवत असेल तर ती नुसतीच जवळ आहे.

तिसरा मार्ग हेमचंद्रांचा. फक्त शेवटचे दोन आकडे हातात ठेवायचे आणि पुढे सरकायचे:

```python
def fib(n):
    a, b = 0, 1
    for _ in range(n):
        a, b = b, a + b
    return a
```

यात रिकर्जन नाही, वहीही नाही. n वेळा फिरणारा लूप आणि दोन चल. पायथॉनमध्ये एका ओळीत होणारी अदलाबदल सी भाषेत दोन ओळींत लिहावी लागते आणि तिथे परीक्षेत गुण जातात. आधी `a = b;` आणि मग `b = a + b;` असे लिहिले की दुसऱ्या ओळीपर्यंत a चे जुने मूल्य पुसले गेलेले असते आणि b नुसता दुप्पट होत जातो. श्रेणी ०, १, १, २, ३, ५ ऐवजी ०, १, २, ४, ८, १६ अशी येते. जुने a आधी तिसऱ्या चलात ठेवावे लागते.

सीमध्ये आणखी एक खाच आहे, आणि ती तिन्ही पद्धतींना लागू आहे. साध्या `int` मध्ये बहुतेक यंत्रांवर २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच संख्या मावते. fib(46) चे उत्तर १,८३,६३,११,९०३ आहे, ते बसते. fib(47) बसत नाही आणि पडद्यावर बहुधा `-1323752223` अशी ऋण संख्या येते. विद्यार्थी रिकर्जनमध्ये चूक शोधत बसतो, पण रिकर्जन निर्दोष असते. `long long` घेतल्यास fib(92) पर्यंत चिंता नाही. पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नसल्यामुळे तिथे हे दिसत नाही.

प्रॅक्टिकलला परीक्षक आवर्जून विचारतात असा एक फरक इथे समजून घेण्यासारखा आहे. न संपणारे रिकर्जन आणि फार हळू चालणारे रिकर्जन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची लक्षणेही वेगळी आहेत. समजा, कोणी बेस केस म्हणून फक्त `if n == 1: return 1` लिहिले. मग fib(2) ला fib(0) लागते, fib(0) ला fib(-1), आणि ही घसरण थांबतच नाही. प्रत्येक अर्धवट कॉल स्टॅकमध्ये जागा अडवून बसतो, स्टॅक भरतो, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पायथॉन `RecursionError` देऊन थांबतो. त्याची नेहमीची मर्यादा एक हजार कॉलच्या खोलीची असते.

चार ओळींच्या बरोबर फंक्शनमध्ये असे होत नाही. कॉल अब्जावधी असले तरी ते एकाच वेळी उघडे नसतात. एक फांदी संपली की तिची जागा मोकळी होते आणि मग दुसरी सुरू होते. fib(50) मध्ये कोणत्याही क्षणी स्टॅकवर जास्तीत जास्त पन्नास कॉल असतात. म्हणून मेमरी भरत नाही, संदेश येत नाही आणि प्रोग्रॅम कोसळत नाही. टास्क मॅनेजर उघडून पाहिले तर प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण कामात आणि मेमरीचा आकडा जागच्या जागी, असे दृश्य दिसते. ‘स्टॅक भरल्यामुळे हळू होते’ हे उत्तरपत्रिकांतले लाडके वाक्य त्यामुळे खोटे ठरते.

मेमो वापरलेल्या फंक्शनचे उलट आहे. ते वेगवान असते, पण खोली n इतकीच राहते. पहिल्याच फटक्यात fib(5000) मागितले तर ते उत्तराऐवजी `RecursionError` देते, कारण वहीत पहिली नोंद होण्याआधीच त्याला तळापर्यंत उतरावे लागते. लूपला ही अडचण नाही. तो १०४५ अंकी उत्तर विनातक्रार देतो.

म्हणजे रिकर्जनची बाजू हरली का? तसे म्हणता येणार नाही. तेच दोन आकडे फंक्शनला सोबत दिले, म्हणजे `fib(n, a, b)` ने `fib(n - 1, b, a + b)` ला बोलावले, तर रिकर्जन राहते आणि कॉल फक्त n च्या आसपास होतात. मर्ज सॉर्टमध्येही प्रत्येक कॉलमधून दोन कॉल फुटतात, पण तिथे यादीचे दोन अर्धे भाग वेगवेगळे असतात, एकाचे काम दुसऱ्यात पुन्हा येत नाही, आणि ते वेगवान ठरते. फिबोनाचीत fib(4) आणि fib(3) ही दोन वेगळी कामे दिसतात, पण दुसरे पहिल्याच्या पोटात आधीच झालेले असते. दोन फांद्यांमधले काम एकमेकांवर चढलेले आहे की नाही, हे पाहणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे, आणि पूर्ण गुण मिळवणारे उत्तर fib(5) चे झाड काढून त्यातले दोन fib(3) आणि तीन fib(2) गोल करून दाखवते.

काही परीक्षक यापुढचा एक उपप्रश्न ठेवतात. संख्या नको, चाळीस मात्रांचे सगळे लघु-गुरु प्रकार छापून दाखवा. आता मेमो कामाचा नाही आणि दोन चलांचा लूपही नाही. चाळीस मात्रांचे किती प्रकार हे सांगायला चाळीसच्या आतबाहेर बेरजा पुरतात. पण ते छापायचे तर १६,५५,८०,१४१ ओळी छापाव्याच लागतात, आणि त्या कामाला दोन-दोन फांद्या फुटणारे, एकही वाट न सोडणारे ते जुने रिकर्जनच योग्य असते.